रस्ता तोच, नाव दुसरं : महानगरपालिकेला लिहायचं पत्र

मागच्या महिन्यात आपण मृत्युपत्राबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं की गावाकडच्या घराच्या कागदांवर रस्त्याचं जुनं नाव आहे आणि आता पाटी वेगळ्याच नावाची लागली आहे, तर काय करायचं. आजचा अर्धा तास त्यालाच देते. मी स्वतः महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेत अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. त्यातली अकरा वर्षं विभाग कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर होते. म्हणजे लोकांची पत्रं आधी माझ्या हातात यायची आणि मग साहेबांच्या. कुठल्या पत्राला उत्तर मिळतं आणि कुठलं पत्र फाइलीत पडून राहतं, हे त्या टेबलावरून फार लवकर कळतं.

आधी गोष्ट सांगते. मस्कतला राहणारी आपली एक श्रोती आहे, मला मावशी म्हणते. तिच्या परवानगीने सांगते आहे, पण घराचा पत्ता रेडिओवर नको म्हणून रस्त्याची नावं मी बदलली आहेत. जुन्या नावाला आपण ‘टाकी रोड’ म्हणू आणि नव्याला ‘हुतात्मा मार्ग’.

तिचे वडील गेले. त्यांनी १९९४ साली एका बँकेत मुदत ठेव ठेवली होती आणि ती वेळोवेळी नव्याने चालू ठेवली होती. आईचं नाव वारस म्हणून लावलेलं होतं, म्हणजे नॉमिनी होती. कागद अगदी सरळ. पण बँकेने दावा अडवला. का? तर ठेवीच्या नोंदीत पत्ता होता टाकी रोड, आणि मृत्यूच्या दाखल्यावर होता हुतात्मा मार्ग. आपण म्हणू, एवढ्याने काय बिघडलं? पण वडिलांचं नाव इतकं नेहमीचं होतं, की त्याच शाखेत त्याच नावाची, त्याच आडनावाची आणखी दोन माणसं खातेदार होती. जन्मतारखा १९९४ च्या नोंदीत नव्हत्या. म्हणजे हा माणूस तोच की दुसरा, हे वेगळं करणारी एकच गोष्ट कागदावर होती, ती म्हणजे पत्ता. आणि तोच जुळत नव्हता. शाखेतल्या बाईंनी सांगितलं, दोन्ही रस्ते एकच आहेत असं महानगरपालिकेचं पत्र आणा. त्या चुकत नव्हत्या, मी त्यांच्या जागी असते तरी हेच मागितलं असतं.

इकडे आई एकटी. औषधांचा खर्च त्या ठेवीच्या व्याजावर चालायचा, तो थांबला. मुलगी मस्कतहून दर महिन्याला पैसे पाठवत होती, पण आईला ते नको होते. “हे माझे नव्हेत, त्यांचे आहेत ते मिळू देत,” असं म्हणायची.

मुलीने मग महानगरपालिकेला पत्र लिहिलं. दोन ओळींचं. ‘आमच्या रस्त्याचे नवीन नाव काय आहे ते कृपया लेखी कळवावे.’ पाच आठवड्यांनी उत्तर आलं, तेही आईने रिक्षाने दोन खेपा घातल्यावर. उत्तरात लिहिलं होतं, ‘आपल्या अर्जात नमूद रस्त्याचे नाव हुतात्मा मार्ग असे आहे.’ शिक्का होता, सही होती. आणि बँकेच्या दृष्टीने त्याचा काडीचा उपयोग नव्हता. कारण त्यात टाकी रोड हा शब्दच नव्हता.

आता यात कार्यालयाला किती दोष द्यायचा? जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं. टेबलावरचा माणूस पत्रात नसलेली गोष्ट स्वतःहून लिहून देत नाही, कारण उद्या त्याच्यावर येतं. म्हणून उत्तरात तुम्हाला जी वाक्यं हवीत, ती तुमच्या अर्जात आधी असली पाहिजेत. निम्मं काम तिथेच होतं.

मग त्या उत्तरात काय काय हवं? हे नीट समजून घेऊ, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

जुनं आणि नवं, दोन्ही नावं एकाच वाक्यात हवीत. हे तर उघड आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रस्ता कुठून कुठपर्यंत, हे हवं. आपल्याला वाटतं, रस्त्याचं नाव बदललं म्हणजे सबंध रस्त्याचं बदललं. तसं दर वेळी नसतं. मुंबईतला एस. व्ही. रोड घ्या, म्हणजे स्वामी विवेकानंद मार्ग. त्याचं जुनं नाव घोडबंदर रोड. पण तिकडे ठाण्यातून घोडबंदरकडे जाणारा रस्ता आजही घोडबंदर रोडच आहे. आता तुमच्या आजोबांच्या कागदावर नुसतं ‘घोडबंदर रोड’ असेल, तर त्याचा आजचा एस. व्ही. रोड होतो की नाही, हे घर कुठल्या टोकाला आहे त्यावर ठरणार. लहान शहरांतही असंच होतं. एका लांब रस्त्याचा एक तुकडा एका पुढाऱ्याच्या नावाने होतो, चौकापलीकडचा दुसऱ्याच्या नावाने होतो, आणि मधला एखादा तुकडा तसाच जुन्या नावाने राहून जातो. म्हणून ‘अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत’ हे शब्द उत्तरात आलेच पाहिजेत, आणि तुमची इमारत त्या तुकड्यात येते हेही.

इमारत ओळखायची कशी? घर क्रमांकावर विसंबू नका, तेही बदलतात. कधी सोसायटीचं नाव बदलतं, कधी जुना वाडा पाडून इमारत होते. न बदलणाऱ्या खुणा दोन. एक म्हणजे नगर भूमापन क्रमांक, ज्याला आपण सिटी सर्व्हे नंबर म्हणतो. तो मिळकत पत्रिकेवर असतो. दुसरी म्हणजे मालमत्ता कराच्या बिलावरचा खाते क्रमांक. रस्त्याला काहीही नाव द्या, जमिनीचा तुकडा त्याच क्रमांकाचा राहतो. जमिनीची पोटविभागणी किंवा एकत्रीकरण झालं असेल तरच तो बदलतो, आणि तसं असेल तर त्याची नोंद मिळकत पत्रिकेवरच सापडते. अर्जात हे दोन्ही क्रमांक घाला आणि दोन्हींच्या झेरॉक्स जोडा.

मग येतो ठराव. मुंबईसाठी १८८८ चा कायदा आहे, राज्यातल्या इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा. दोन्हींत रस्त्याला नाव द्यायचं ते महानगरपालिकेच्या मंजुरीने. म्हणजे नगरसेवक प्रस्ताव मांडतो, तो समितीपुढे जातो, सभेत मंजूर होतो आणि त्या ठरावाला क्रमांक आणि तारीख पडते. तो क्रमांक आणि ती तारीख तुमच्या उत्तरात आली, की पत्राला वजन येतं. नुसतं ‘या नावाने ओळखला जातो’ असं लिहून दिलं, तर ते कारकुनाचं मत झालं. ठरावाचा क्रमांक आला की ती नोंद झाली. एक बारीक गोष्ट सांगून ठेवते. नामकरण अगदी अलीकडचं असेल आणि त्या काळात निवडून आलेली सभाच नसेल, जसं मुंबईत मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले, तर मंजुरी प्रशासकांची असते. तेव्हा अर्जात ‘ठराव अथवा प्रशासकांची मंजुरी’ असं दोन्ही लिहा. नाहीतर ‘असा ठराव आढळून येत नाही’ असं उत्तर येईल आणि ते शब्दशः खरं असेल.

आणि आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांसाठी खास गोष्ट म्हणजे नावाचं रोमन लिपीतलं लेखन. ठराव मराठीत, उत्तर मराठीत, पण पासपोर्ट, बँक, इथली कार्यालयं सगळी इंग्रजीत. तिथे कोणी मार्गाचा रोड करतं, कोणी पथ करतं, कोणी नुसती आद्याक्षरं घेतं. डी. एन. रोड म्हणजे दादाभाई नौरोजी, हे मुंबईबाहेरच्या माणसाला कसं कळावं? म्हणून अर्जातच विनंती करा की नव्या नावाचं कार्यालयीन रोमन लेखनही उत्तरात द्यावं. सगळेच देतील असं नाही, पण मागितलं तर पुष्कळदा मिळतं.

आता पत्र कुणाला लिहायचं? ‘माननीय आयुक्त’ असं लिहून मुख्य कार्यालयात टाकलंत, तर ते तिथून फिरत फिरत शेवटी तुमच्या भागाच्या कार्यालयातच यायचं. मग सरळ तिथेच लिहा. मुंबईत त्याला विभाग कार्यालय म्हणतात, लोक वॉर्ड ऑफिस म्हणतात. दादर-माहीमचं असेल तर जी उत्तर विभाग. पुण्यात क्षेत्रीय कार्यालय म्हणतात. पत्र तिथल्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे. खाली प्रत द्यायची ती दोन जणांना. एक रस्त्यांची देखभाल पाहणारा अभियांत्रिकी विभाग, कारण रस्ता कुठून कुठपर्यंत हे त्यांच्या नोंदवहीत असतं. दुसरे नगरसचिव, मुंबईत त्यांना चिटणीस म्हणतात, कारण सभेचे ठराव त्यांच्या ताब्यात असतात.

मस्कतच्या मुलीसाठी आम्ही जे दुसरं पत्र लिहिलं, ते सावकाश वाचते. कागद-पेन घ्या. हुकलं तर लेखी प्रतीत आहेच.

‘प्रति, माननीय सहाय्यक आयुक्त, अमुक विभाग कार्यालय, अमुक महानगरपालिका.

विषय : “टाकी रोड” या रस्त्यास “हुतात्मा मार्ग” असे नाव दिल्याबाबत लेखी पुष्टी मिळणेबाबत, तसेच नामकरणाच्या ठरावाची साक्षांकित प्रत मिळणेबाबत.

महोदय, माझे वडील कै. अमुक हे वरील विभागातील नगर भूमापन क्रमांक अमुक, मालमत्ता कर खाते क्रमांक अमुक या इमारतीत मृत्यूपर्यंत राहत होते. त्यांच्या १९९४ सालच्या बँक ठेवीच्या कागदावर रस्त्याचे नाव “टाकी रोड” असे असून, आपल्याच कार्यालयाने दिलेल्या मृत्यूच्या दाखल्यावर ते “हुतात्मा मार्ग” असे आहे. बँकेने दोन्ही नावे एकाच रस्त्याची असल्याबाबत आपली लेखी पुष्टी मागितली आहे.

तरी कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात. पूर्वी “टाकी रोड” या नावाने ओळखला जाणारा रस्ता कोठून कोठपर्यंत “हुतात्मा मार्ग” या नावाने ओळखला जातो. हे नामकरण ज्या ठरावाने अथवा प्रशासकांच्या मंजुरीने झाले त्याचा क्रमांक व दिनांक. वरील नगर भूमापन क्रमांकाची इमारत या भागात येते किंवा कसे, आणि येत असल्यास या भागास नवे नाव कोणत्या दिनांकापासून लागू झाले. नव्या नावाचे रोमन लिपीतील लेखन. तसेच ठरावाची साक्षांकित प्रत नियमानुसार शुल्क घेऊन द्यावी.

मी नोकरीनिमित्त परदेशी असल्याने उत्तर स्वीकारण्यास माझे चुलतबंधू अमुक यांना अधिकार दिला आहे. अधिकारपत्र व दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.’

मग सही, तारीख, सोबतच्या कागदांची यादी आणि भारतातला फोन नंबर. फोन नंबर भारतातलाच हवा बरं का. परदेशी नंबरावर वॉर्ड ऑफिसातून कोणी फोन लावत नाही.

पत्र एका पानात बसतं, हे लक्षात आलं का? त्यात ठेवीची रक्कम नाही, आईची परिस्थिती नाही, आधीच्या पत्राबद्दल तक्रार नाही. मला माहीत आहे, मनातून लिहावंसं वाटतं. पण लांब पत्र वाचणारा माणूस त्यातली विनंती शोधत बसतो, आणि कधी कधी त्याला ती सापडतच नाही.

अधिकारपत्राबद्दल थोडं. एवढ्या कामासाठी मुखत्यारपत्र लागत नाही. वकिलातीत जाऊन साक्षांकन वगैरे खर्च करू नका. साधं सहीचं अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत पुरते. घर विकायचं असेल, भाड्याने द्यायचं असेल, तेव्हा मुखत्यारपत्राची गोष्ट, ती वेगळी.

अर्ज देताना दोन प्रती न्यायच्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. टेबलावरची व्यक्ती म्हणेल, “राहू द्या हो, मी नोंद करते.” मीही म्हणायचे. तरी घ्यायचा. पुढच्या प्रत्येक फोनवर विचारतात तो आवक क्रमांक. फोन करायचा तर आपले साडेआठ म्हणजे तिकडचे दहा, कार्यालय नुकतंच उघडलेलं असतं, तीच चांगली वेळ. दुपारनंतर अभियंते रस्त्यावर असतात.

तर तिच्या चुलतभावाने पत्र दिलं, आणि तीन आठवड्यांनी रस्ते विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याचा त्याला फोन आला. आणि इथे एक गंमत झाली. गंमत कसली, आमच्या पोटात गोळाच आला. अभियंता म्हणाला, “ठराव सापडला, १९८९ चा आहे. पण तो टाकीपासून शाळेच्या चौकापर्यंतच आहे. तुमची इमारत चौकाच्या पलीकडे येते.”

म्हणजे काय झालं बघा. त्या ठरावाप्रमाणे तिचं घर हुतात्मा मार्गावर नव्हतंच. मग मृत्यूच्या दाखल्यावर हुतात्मा मार्ग आलं कुठून? दाखला चुकला का? मुलगी रात्री अकराला मला फोन करून रडली. मी तिला सांगितलं, थांब, कराची बिलं काढ. आईने सगळी बिलं पिशवीत जपून ठेवली होती, बायका ठेवतातच. १९९५ च्या बिलावर टाकी रोड होतं आणि १९९८ च्या बिलावर हुतात्मा मार्ग. मधलं एखादं वर्ष गहाळ होतं, पण कळायचं ते कळलं. त्या दोन बिलांच्या मध्ये कधीतरी काहीतरी घडलं होतं. त्या बिलांच्या प्रती घेऊन भाऊ नगरसचिवांच्या कार्यालयात गेला आणि ‘१९९५ ते १९९८ या काळात हुतात्मा मार्ग या नावाबाबत आणखी ठराव आहे का’ एवढंच विचारलं. होता. १९९६ चा. ‘हुतात्मा मार्ग हे नाव शाळेच्या चौकापासून पुढे नाल्यापर्यंत लागू करण्यात यावे.’

आणि यानेच सगळं सुटलं. कारण पहिलाच ठराव घेऊन आम्ही बँकेत गेलो असतो, तर त्या बाईंनी हमखास विचारलं असतं की नाव १९८९ ला बदललं, तर १९९४ च्या ठेवीवर जुनं नाव कसं? आता उत्तर स्वच्छ होतं. १९९४ साली त्या इमारतीपुढचा रस्ता टाकी रोडच होता. वडिलांनी बरोबर पत्ता लिहिला होता. दाखलाही बरोबर होता. दोन्ही कागद आपापल्या तारखेला खरे होते.

म्हणून मी पत्रात ‘कोणत्या दिनांकापासून लागू झाले’ हे वाक्य घालायला सांगते. नामकरण एकदाच झालं असेल असं धरून चालू नका.

आता ठराव सापडलाच नाही तर? तसंही होतं. काही ठिकाणी आधी नगरपालिका होती, मग महानगरपालिका झाली, जुनं दप्तर गठ्ठ्यांत बांधलेलं असतं. तेव्हा दोन वाटा आहेत. एक म्हणजे माहितीचा अधिकार. त्यात एक फरक नीट ध्यानात घ्या. माहिती अधिकारात कार्यालय आपल्याकडे असलेला कागद देतं, नवा दाखला तयार करून देत नाही. म्हणून त्या अर्जात ‘पुष्टी द्या’ असं लिहू नका, ‘ठरावाची प्रत द्या’ असं लिहा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा लागतो, शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. हा अधिकार भारतीय नागरिकांना आहे. आखातात आपण बहुतेक जण भारतीय पासपोर्टवरच आहोत, त्यामुळे अडचण नाही. पण अमेरिका-इंग्लंडमधले जे नातेवाईक तिथले नागरिक झालेत, त्यांनी स्वतः अर्ज न करता भारतातल्या भावाबहिणीच्या नावाने करायचा.

दुसरी वाट करआकारणी विभागाची. त्यांच्या नोंदवहीत एकाच मालमत्तेची वर्षानुवर्षांची नोंद असते. त्या नोंदीचा साक्षांकित उतारा मागा, जुन्या नावाच्या वर्षाचा एक आणि नव्या नावाच्या वर्षाचा एक. खाते क्रमांक दोन्हींवर एकच असेल, तर उताराच सांगतो की घर तेच आहे. ठरावाइतकं ते थेट नाही, पण पुष्कळ ठिकाणी चालून जातं.

आणि कधी कधी खरोखरच नामकरण झालेलं नसतं. एखाद्या मंडळाने हौसेने पाटी लावलेली असते, लोक ते नाव वापरायला लागतात, सोसायटीच्या लेटरहेडवरही ते चढतं. पाटीवर महानगरपालिकेचं बोधचिन्ह नसेल तर मला आधी ही शंका येते. अशा वेळी महानगरपालिका ‘नोंद आढळत नाही’ असं लिहून देते. त्याने नाराज होऊ नका, तेही उत्तरच आहे. मग सगळ्या कागदांवर जुनं नाव ठेवायचं आणि नव्या नावाने झालेला कागद दुरुस्त करून घ्यायचा.

शहराचं किंवा जिल्ह्याचं नाव बदललं असेल, तर मात्र ही खटपट करू नका. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर हे सरकारच्या पातळीवर झालं आहे, त्याची राजपत्रातली अधिसूचना असते. तिची प्रत जोडली की काम होतं. रस्त्यांचं सहसा तसं राजपत्र नसतं, म्हणून तर हे पत्र लागतं.

एक सावधगिरी. ठेवीचं काम चालू असतानाच कुणीतरी तिच्या आईला सांगितलं की घराच्या खरेदीखतावरही जुनं नाव आहे, तेव्हा चूकदुरुस्ती लेख नोंदवून घ्या, इतके हजार लागतील. मी म्हटलं, चूक कुठे आहे? खरेदीखत झालं त्या दिवशी रस्त्याचं नाव टाकी रोडच होतं. चूकदुरुस्ती असते ती लिहिताना झालेल्या चुकीची. नंतर बदललेल्या नावासाठी जुन्या नोंदलेल्या दस्ताला हात लावायचं कारण नाही. खरेदीखत, इंडेक्स टू जसे आहेत तसे ठेवा आणि त्यांच्याबरोबर महानगरपालिकेचं पत्र ठेवा. घर विकताना नव्या दस्तात दोन्ही नावं लिहिली, ‘हुतात्मा मार्ग, पूर्वीचा टाकी रोड’ अशी, म्हणजे झालं. बँकेच्या आणि पासपोर्टच्या अर्जातही जागा असेल तिथे असंच लिहा, आणि सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा.

महानगरपालिकेचं पत्र काय सांगत नाही, तेही बोलते. रस्ता एक आहे एवढं ते सांगतं. त्या रस्त्यावर राहणारा माणूस तोच होता, हे ते सांगत नाही. म्हणून बँकेने तिच्या आईकडून वेगळं प्रतिज्ञापत्र घेतलंच, की ठेवीदार आणि मृत व्यक्ती एकच. ते मागितलं म्हणून चिडू नका, दोन्ही कागदांचं काम वेगळं आहे. आणि बँकेला मूळ पत्र देऊ नका. मूळ दाखवायचं, शाखेतच पडताळून घ्यायचं आणि प्रत द्यायची. हे पत्र पुढे वीजबिलाला, गॅसला, सोसायटीच्या भागपत्राला, कशाकशाला लागेल सांगता येत नाही, आणि पुन्हा मागायला गेलात तर पुन्हा तेच तीन आठवडे.

दुसऱ्या पत्रापासून बँकेत पैसे जमा होईपर्यंत तिला साधारण अडीच महिने लागले. त्यातला एक महिना तर १९९६ चा ठराव शोधण्यात गेला. परवा मी आईंना फोन केला होता. म्हणाल्या, औषधं आणायला गेले होते, रिक्षावाल्याला हुतात्मा मार्ग सांगितलं तर त्याला कळेना. शेवटी टाकी रोड म्हटल्यावर त्याने आणून सोडलं.

तुमच्याकडे अशी जुनी बिलं, पावत्या असतील तर टाकू नका, एका पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी वारसनोंदीबद्दल बोलू. नमस्कार.